आपत्ति न हो तो

भांडायला समोर माणूस लागतं. माणूस असलं की आवाज चढवता येतो, पदर खोचता येतो, आणि काहीच जमलं नाही तर दार आपटून घरी येता येतं. मोबाईल कंपनीशी भांडताना यातलं काहीही करता येत नाही. तिथं एक बाई असते. ती 'आपका स्वागत है' म्हणते, आणि तुम्ही कितीही बोंबललात तरी तिचा सूर हलत नाही.

त्या हिवाळ्याच्या तोंडाला मी त्या बाईच्या मागे हात धुऊन लागले होते.

रणजीत, म्हणजे माझा नवरा, फौजेत हवालदार. त्याचं युनिट जयपूरहून काश्मीरला हललं, पण माझं बी.एड. अर्धवट होतं म्हणून आम्ही झोटवाड्यातल्या भाड्याच्या दोन खोल्यांत मागे राहिलो. आम्ही म्हणजे मी आणि माझ्या सासूबाई, भागुबाई. आमच्या साताऱ्याकडं सासूला आत्या म्हणतात, तसं मीही म्हणते. आत्यांना जयपूर कधी मानवलं नाही. खाली घरमालकीण सुमनभाभी फार चांगली, पण ती बोलायची मारवाडी मिसळलेलं हिंदी आणि आत्या बोलायच्या माणदेशी मराठी. दोघी एकमेकींना हसून दाखवायच्या आणि मेथी निवडत बसायच्या.

रणजीतच्या पोस्टवर मोबाईल चालत नव्हता. युनिटचा एक सॅटेलाईट फोन होता आणि त्यावर सगळ्यांच्या पाळ्या लागायच्या. त्याची पाळी पंधरवड्यातून एकदा यायची, तीही संध्याकाळी आणि जेमतेम चार वाक्यांपुरती. आपल्याकडून त्याला लावायची सोय नव्हती. तो लावेल तेव्हाच लागणार, आणि लावणार आमच्या घरातल्या एकुलत्या एक मोबाईलवर. संध्याकाळी मी गल्लीच्या टोकाला दोन मुलींची शिकवणी घ्यायची, पण फोन घरीच ठेवायची. एकदा बरोबर घेऊन गेले होते आणि नेमका तेव्हाच त्याचा फोन आला. लेकाचा आवाज हुकला म्हणून आत्यांचं दोन दिवस जेवणात लक्ष नव्हतं. तेव्हापासून फोन त्यांच्यापाशीच असायचा.

त्या रविवारी सकाळी फोन वाजला तेव्हा मी कपडे वाळत घालत होते. दुसऱ्या कुणाची तरी पाळी मागून घेऊन रणजीतनं लावला होता.

"कशी आहेस, कसे आहात सगळे?" असलं काही नाही. त्या फोनवर आवाज थोडा उशिरा पोचतो, आधी नुसती खरखर आली आणि मग त्याचा प्रश्न आला.

"संध्याकाळी कुणाशी बोलत असतेस गं?"

"मी? कुणाशी?"

"तेच विचारतोय. गेल्या दोन्ही पाळ्यांना लावला. ती बाई सांगते, दुसऱ्या कॉलवर आहेत, लाईनवर राहा. पाळी संपेपर्यंत राहिलो लाईनवर. मागं पोरं उभी असतात सुवर्णा, हसतात."

"अरे, मी तर त्या वेळी शिकवणीला असते. फोन आत्यांकडं..."

"आई कुणाशी बोलणार? तिला नंबर लावता येत नाही."

हे खरंच होतं. आत्यांना हिरवं बटण दाबून फोन उचलायला आणि लाल बटण दाबून ठेवायला येत होतं, बास. त्या खरखरीत माझं गप्प राहणंही त्याला उशिरानंच पोचलं असणार.

"पुढची पाळी पुढच्याच्या पुढच्या शनिवारी," तो म्हणाला. "लागला तर बोलू."

फोन बंद झाला आणि माझ्या अंगाची लाही लाही झाली. राग त्याचाही आला आणि त्याच्या पाठीमागं उभ्या असलेल्या पोरांचाही. पण खरं सांगायचं तर भीती वाटली. तिथं बर्फात बसलेल्या माणसाच्या डोक्यात एकदा काही शिरलं की ते बाहेर काढायला माझ्याजवळ त्या चार वाक्यांपलीकडे काय होतं? आणि तेवढ्यासाठी तरी फोन लागायला हवा होता.

मी आत्यांना विचारलं, "संध्याकाळी कुणाचा फोन येतो का हो?"

"कुणाचा न्हाई," त्या म्हणाल्या आणि पुन्हा तांदूळ निवडू लागल्या.

मग मी फोनच उघडून बसले. आलेल्या कॉलच्या यादीत एकच चमत्कारिक छोटा नंबर ओळीनं होता, रोज संध्याकाळचा. आणि जे मेसेज मी जाहिराती समजून कधी वाचतच नव्हते, त्यांत तो सापडला. 'मंगलवाणी' नावाची सेवा तुमच्या फोनवर चालू आहे, रोज सायंकाळी देवीची कथा आणि आरती, महिन्याला तीस रुपये शिलकीतून आपोआप कापले जातील, पुढच्या महिन्यातही आपोआप कापले जातील. तुमच्या संमतीने. मी म्हटलं, माझी संमती? ती कधी घेतली?

"आत्या, हा मशीनचा फोन येतो तो तुम्ही उचलता?"

"वाजला म्हून उचलते," त्या म्हणाल्या. "पर माणूस न्हाई गं कुणी त्यात."

माझ्या डोक्यात सगळं जुळलं. मशीन फोन करते, या उचलतात, माणूस नाही म्हणून तसाच बाजूला ठेवून देतात, आणि मशीन बिचाऱ्या फोनला आरती ऐकवत बसते. तोवर माझा नवरा लाईनवर. मी त्यांना म्हटलं, मशीन असलं की लाल बटण दाबायचं. त्या बरं म्हणाल्या. पण त्यांच्या बरं म्हणण्यावर मी घर चालवत नव्हते. मुळात ही सेवाच बंद करायला हवी होती.

मेसेजात खाली लिहिलं होतं, बंद करण्यासाठी अमुक नंबरवर स्टॉप लिहून पाठवा. पाठवलं. उत्तर लगेच आलं, 'आपण पाठवलेला शब्द चुकीचा आहे.' मग स्टॉपपुढं सेवेचं नाव लिहिलं. चुकीचा. नाव आधी आणि स्टॉप नंतर. चुकीचा. नाव जोडून, तोडून, मोठ्या अक्षरांत, छोट्या अक्षरांत. प्रत्येक वेळी चुकीचा, आणि प्रत्येक मेसेजचे साध्या मेसेजपेक्षा जास्त पैसे. शेवटी उत्तर आलं की हा मेसेज पाठवण्याइतकी शिल्लक आपल्या खात्यात नाही. म्हणजे लुबाडणं थांबवायलाही आधी लुबाडून घ्यायचं. मी मोबाईल गादीवर आपटला. जमिनीवर आपटायची ऐपत नव्हती.

दुसऱ्या दिवशी कोपऱ्यावरच्या नीरजच्या दुकानातून रिचार्ज केलं आणि ग्राहक सेवेच्या नंबरला फोन लावला. तिथं ती बाई भेटली. हिंदीसाठी एक दाबा, इंग्रजीसाठी दोन. शिल्लक जाणण्यासाठी एक. नवीन योजनांसाठी दोन. गाण्यांसाठी तीन. मी श्वास रोखून शेवटपर्यंत थांबले. प्रतिनिधीशी बोलण्यासाठी नऊ दाबा, ती म्हणाली. नऊ दाबलं. आमचे सगळे प्रतिनिधी व्यस्त आहेत. मग सतार वाजली. मग पुन्हा व्यस्त आहेत. मग सतार. मी भाजी चिरली, कणीक मळली, खांदा आणि कान यांच्यामध्ये फोन धरून मान अवघडवली. मग ती बाई 'धन्यवाद' म्हणाली आणि फोन कट झाला.

कॉलेजातून येताना कंपनीच्या दुकानात गेले. काचेचं दार, थंडगार हवा, टाय लावलेली दोन पोरं.

"मैडम, ये हमारा नहीं है. ये दूसरी कंपनी की सर्विस है, हमारे नेटवर्क पे चलती है," एक म्हणाला.

"त्या दुसऱ्या कंपनीचा नंबर द्या."

त्यानं एका चिठ्ठीवर लिहून दिला. तो तोच छोटा नंबर होता.

"और आदमी? कोई आदमी, औरत, कोई तो बैठता होगा?"

"मैडम, हम सिर्फ सिम देते हैं," तो म्हणाला. त्याच्या चेहऱ्यावर खरंच वाईट वाटल्याचा भाव होता, म्हणून त्याला बोलताही आलं नाही. सिमसोबत आलेल्या पुस्तिकेत तक्रार अधिकाऱ्याचा एक दिल्लीचा नंबर होता. तो लावला तर त्यावरही तीच बाई. सायबर कॅफेत बसून लांबलचक ईमेल लिहिला, खाली सही ठोकली. पाठवा म्हटलं आणि पान हलायच्या आत उत्तर आलं. आपला अभिप्राय आम्हांला मोलाचा आहे, आपला तक्रार क्रमांक अमुक आहे, हा ईमेल संगणकाने पाठवला आहे, कृपया याला उत्तर देऊ नये. कॅफेवाला माझ्याकडं बघत होता, कारण मी पडद्याशी मोठ्यानं बोलत होते.

रात्री झोप लागेना. रणजीतचं 'लागला तर बोलू' कानात वाजत राहायचं. मी मनातल्या मनात त्याला उत्तरं द्यायची, मग त्या बाईला द्यायची, आणि पहाटे पहाटे दोघांची सरमिसळ व्हायची.

शेवटी सरळ त्या छोट्या नंबरालाच फोन लावला आणि ती म्हणेल ते ऐकत राहिले. कथा निवडण्यासाठी एक, आरतीसाठी दोन, मित्राला भेट देण्यासाठी तीन. सगळं संपलं, तरी मी ठेवला नाही. तिनं पुन्हा पहिल्यापासून म्हटलं आणि दुसऱ्या खेपेला अगदी शेवटी, आवाजही न बदलता, म्हणाली, सेवा बंद करण्यासाठी आठ दाबा. मी आठ दाबलं. 'आपका अनुरोध स्वीकार कर लिया गया है.' पाठोपाठ मेसेजही आला, मंगलवाणी बंद करण्यात आली आहे. मी उठून चहा केला, आत्यांनाही दिला. आत्यांनी विचारलं, कसला गं आनंद झालाय? मी म्हटलं, एका बाईला घराबाहेर काढलं.

दुसऱ्या दिवशी शिकवणीहून आले तर मेसेज. मंगलवाणी पुन्हा सुरू करण्यात आली आहे, तुमच्या संमतीने, तीस रुपये कापले.

मी पुन्हा आठ दाबलं. स्वीकारलं. बंद. दुसऱ्या संध्याकाळी पुन्हा सुरू, संमतीने. ही संमती कुठून येते? चोरानं चोरी करावी, पण घरमालकाच्या नावानं पावती फाडू नये. मी नीरजच्या दुकानात जाऊन त्याच्यावर बरसले. दुसरं कुणी जिवंत सापडतच नव्हतं.

"भाभीजी, नंबर बदल लो," तो म्हणाला. "नया सिम दे देता हूँ, आज ही चालू."

"आणि ज्याच्याकडं हा नंबर आहे, त्याला नवा कसा कळवू? तो बर्फात बसलाय."

नीरज विचारात पडला. "फिर रिचार्ज ही मत करवाओ. आपका लाइफटाइम वाला है, इनकमिंग तो आता रहेगा. बैलेंस नहीं होगा तो काटेगी क्या?"

हे मात्र पटलं. उपाशी मारायचं तिला. मी त्या रात्री आठ दाबलं आणि उरलेली शिल्लक माहेरी आईशी बोलून संपवली. दुसऱ्या दिवशी सुरू झाल्याचा मेसेज आला नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. शनिवार जवळ येत होता आणि फोन रिकामा, गप्प पडून होता. मला हायसं वाटायला हवं होतं.

पण आता आत्यांचं काहीतरी बिनसलं होतं. मी शिकवणीहून यायची तेव्हा त्या दारातच उभ्या असायच्या. रात्री अंथरुणात उठून बसायच्या. फोन घेऊन उलटापालटा करायच्या. "ह्यो मोडलाय का गं?" असं दोनदा विचारलं त्यांनी. एकदा म्हणाल्या, "रणजीत बरा आसंल न्हवं?" मी म्हटलं, शनिवारी त्यालाच विचारा. त्यांनी मान वळवली.

शुक्रवारी कॉलेजातून येताना नीरजनं दुकानातून हाक मारली. "भाभीजी, अब तो ठीक है ना? कल माँजी करवा गईं रिचार्ज."

"कोण?"

"आपकी सास. सुमन भाभी के साथ आई थीं. अपनी थैली से निकाल के दिया. मैंने कहा भाभीजी ने मना किया है, तो सुना ही नहीं. हाथ जोड़ने लगीं."

मशेरीला दोन रुपये काढताना पिशवीची गाठ तीनदा सोडणाऱ्या बांधणाऱ्या आत्या, एकही हिंदी वाक्य न येणाऱ्या आत्या, दुकानात जाऊन हात जोडून रिचार्ज करून आल्या होत्या. त्या संध्याकाळी मी शिकवणीला निघाले, गल्लीच्या टोकापर्यंत गेले, मुलींना आज सुट्टी म्हणून सांगितलं आणि चपला हातात घेऊन जिना चढले.

आत्या देवापुढं बसल्या होत्या. निरांजन लावलेलं, डोक्यावर पदर, कानाला फोन. त्या कमी ऐकत असल्यामुळं फोनचा आवाज पूर्ण मोठा होता आणि दारापर्यंत स्पष्ट येत होता. देवीची कथा संपत आली होती. मग ती बाई, तीच माझी बाई, गोड आवाजात म्हणाली, "यह सेवा जारी रखने में आपको कोई आपत्ति न हो, तो एक दबाइए."

आत्यांनी फोन कपाळाला लावला. बोट बटणांवरून फिरवत एक शोधला आणि दाबला. मग पुन्हा कपाळाला लावला.

"आत्या, हे काय करताय?"

त्या दचकल्या. "काय न्हाई. एक दाबलं."

"रोज दाबता?"

"दाबायचं आसतंय." त्यांनी पदर सारखा केला. "व्रत हाय. बोलून दावायचं नसतंय म्हून सांगितलं न्हाई तुला."

"कसलं व्रत? ती काय म्हणते ते कळतं का तुम्हांला?"

"न कळाय काय झालं? बाकीचं न्हाई कळत, पर येवढं कळतंय. तुमाला कोणती बी आपत्ती न हो, म्हनती. आन् मग म्हनती, एक दाब." त्यांनी निरांजनाची वात पुढं सारली. "मधी दोन-चार दीस फोनच आला न्हाई. माझा जीव ऱ्हाईना बग. पोरगं तिथं वर, बर्फात. आन् हितं आपलं दाबायचं ऱ्हाऊन गेलं तर?"

मी चपला खाली ठेवल्या आणि त्यांच्यासमोर बसले. आपत्ती. गेले कितीतरी दिवस मी जिची संमती शोधत होते ती ही इथं, निरांजनापुढं. मी आठ दाबायची, त्या एक दाबायच्या, आणि ती बाई दोघींचंही मुकाट ऐकायची. तिनं काही खोटं केलंच नव्हतं, फक्त बंद केल्यावर दुसऱ्याच दिवशी पुन्हा विचारायला येत होती. निर्लज्ज होती, पण खोटारडी नव्हती. माझ्या रागाला आता जायला जागाच राहिली नाही, आणि जागा नसलेला राग समोर जे माणूस असेल त्याच्यावर जातो.

"हिंदीत आपत्ती म्हणजे हरकत, आत्या," मी म्हणाले. "ती आशीर्वाद देत नाही. ती विचारते, पैसे कापायला तुमची हरकत नाही ना? नसेल तर एक दाबा."

त्यांनी हातातल्या फोनकडं बघितलं.

"आणि कथा ऐकताना मधेच टुक टुक असं वाजायचं का?"

"व्हय. कवाकवा." आवाज बारीक झाला होता. "म्हटलं देवळातली घंटा आसंल."

"तो रणजीत होता. तो फोन लावत होता तेव्हा तसं वाजत होतं. तुम्ही घंटा ऐकत होता आणि तो तिकडं ताटकळत होता. मला विचारतोय, संध्याकाळी कुणाशी बोलत असतेस?"

फोन आत्यांनी हळूच जमिनीवर ठेवला आणि माझ्याकडं सरकवला. मग उठून आतल्या खोलीत गेल्या. थोड्या वेळानं मी आत गेले तेव्हा भिंतीकडं तोंड करून निजल्या होत्या. "आता मला काय बी दाबाय लावू नगंस," एवढंच म्हणाल्या. मला त्यांची इतकी दया आली की मी भाकरीचं पीठ काढलं आणि पुन्हा डब्यात टाकलं. मग फोन घेतला, त्या नंबरला लावला आणि आठ दाबलं. अनुरोध स्वीकार कर लिया गया है.

शनिवारी दुपारपासूनच मी स्टुलावर फोन ठेवून त्याच्यासमोर फेऱ्या मारत होते. चार्जिंग बघितलं. आवाज मोठा आहे का बघितलं. सुमनभाभी वर येऊन बसली तर तिला गप्पा मारू दिल्या नाहीत. आत्यांना मी दोनदा म्हटलं, इथं येऊन बसा. त्या दाराच्या चौकटीपाशी उभ्या राहिल्या, आत आल्या नाहीत.

अंधार पडायच्या बेताला फोन वाजला. लांबलचक, ओळखीचा नसलेला नंबर. मी उचलला. खरखर, आणि मग, "लागला म्हणायचा."

"रणजीत, ऐक, मी सांगते..."

"आज मोकळी होतीस?"

झालं. मी कितीतरी रात्री पाठ केलेली वाक्यं तोंडातच राहिली. काय सांगणार होते? तुझ्या आईनं, तुझ्यासाठी, तुझाच फोन अडवून ठेवला? आत्या चौकटीत उभ्या होत्या आणि त्यांचे डोळे माझ्या तोंडावर खिळले होते. त्यांना ऐकू येऊ नये म्हणून मी पाठ फिरवली. "नंतर सांगेन. तू कसा आहेस ते सांग," मी म्हणाले. "नंतर कधी?" तो म्हणाला. त्या सुराचा अर्थ कळायला मला कुठल्या भाषेची गरज नव्हती.

तेवढ्यात मागून हात आला. आत्यांनी फोन माझ्या हातातून घेतला.

"रणजीत, म्या बोलत हुते रं रोज. सुवर्णा न्हाई." त्या थांबल्या, आवाज पोचू दिला. "कुनासंगं म्हंजे? द्येवीसंगं. फोनवर येती ती. म्या हिला न इचारता बोलत हुते."

पलीकडून हसल्याचं मलाही ऐकू आलं. मोठ्यानं हसला तो, मनापासून. आत्या मात्र हसल्या नाहीत.

"मधी वाजायचं ते तू हुतास, मला म्हाईत न्हवतं," त्या म्हणाल्या. "म्या तुलाच थांबवून ठिवलं बाबा."

तो हसायचा थांबला. पुढं काय म्हणाला ते मला ऐकू आलं नाही. आत्या नुसतं व्हय, व्हय म्हणत राहिल्या, मग फोन माझ्याकडं दिला.

"सुवर्णा," तो म्हणाला, आणि आवाज आता माझ्या ओळखीचा होता. "चुकलो. पोरं लईच हसायची गं." मग घाईघाईनं, कारण वेळ संपत आली होती, "ऐक. सोमवारी अजून वर चाललोय. वरच्या पोस्टवर. तिथून खाली येईपर्यंत फोन नाही."

"किती दिवस?"

"तीन महिने धर. आईला एवढ्यात सांगू नको. सांभाळ तिला."

खरखर थांबली. मी फोन कानाशी तसाच धरून उभी होते. तीन महिने. आता लाईन मोकळी असली काय आणि नसली काय. आत्यांनी विचारलं, "काय म्हनला?" मी म्हटलं, "बरा आहे, थंडी आहे म्हणाला." माझा आवाज मलाच खोटा वाटला. आत्यांनी माझ्याकडं एकदा बघितलं आणि नजर काढून घेतली. काय समजायचं ते त्या समजल्या होत्या. जाऊन देवापुढं बसल्या, पण निरांजन लावलं नाही. दोन्ही हात मांडीत धरून बसल्या.

आणि फोन पुन्हा वाजला. हिची वेळ झाली होती. काल बंद केलेली, आज पुन्हा विचारायला आली होती.

आत्या हलल्या नाहीत. मी लाल बटणावर अंगठा नेला आणि उचलायचं हिरवंच दाबलं. का ते मला माहीत नाही. कदाचित तिला एकदाचं काहीतरी सुनवायचं होतं. आपका स्वागत है, ती म्हणाली. आपने मंगलवाणी सेवा बंद कर दी थी, ती म्हणाली. मला हिंदी चांगलं येतं. आपत्ती म्हणजे हरकत, हे मी कालच आत्यांना समजावून सांगितलं होतं.

"सेवा फिर से शुरू करने में आपको कोई आपत्ति न हो," ती म्हणाली, "तो एक दबाइए."

मी एक दाबलं आणि फोन आत्यांच्या कानाला लावला.